टँकरचा ‘सीझन रेट’ म्हणजे एकाच अंतराचे दोनदा पैसे

मार्च लागला की आपल्या वाघोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतो. ‘१ तारखेपासून सीझन रेट लागू. ४० टक्के वाढ. नाइलाज आहे, सहकार्य करावे.’ खाली हात जोडलेला इमोजी. समिती सही करते, मेंटेनन्स वाढतो, रहिवासी दोन दिवस कुरकुरतात आणि विषय संपतो.

स्पष्ट सांगतो, टँकरवाल्यांनी उन्हाळ्यात जास्त पैसे घेऊच नयेत असं मी म्हणत नाही. त्यांचा खर्च वाढतो हे खरं आहे. माझा आक्षेप वाढीला नाही, ती वाढ ज्या पद्धतीने लावली जाते त्या पद्धतीला आहे. सोसायटीचा खजिनदार म्हणून बिलं माझ्या हाताखालून जातात, म्हणून आकड्यांतच बोलतो.

आमच्या पुरवठादाराचं दरपत्रक असं आहे. दहा हजार लिटरच्या एका खेपेला पाच किलोमीटरपर्यंत ८०० रुपये, पाच ते दहा किलोमीटरला १००० आणि दहा ते पंधराला १२५०. अंतर म्हणजे विहीर किंवा बोअर ते आमचं गेट. यावर मार्च ते जून ४० टक्के ‘टंचाई अधिभार’. वाचायला सरळ आहे, नाही का? आता ते चालतं कसं ते बघा.

हिवाळ्यात आमचं पाणी चार किलोमीटरवरच्या विहिरीतून येतं. खेप ८०० रुपयांना पडते. एप्रिलमध्ये ती विहीर तळाला जाते, टँकर बारा किलोमीटरवर भरायला लागतो आणि आम्ही आपोआप तिसऱ्या टप्प्यात ढकलले जातो. झाले १२५०. मग त्या १२५० वर ४० टक्के, म्हणजे आणखी ५०० रुपये. आठशेची खेप १७५० ला.

आता खर्च खरंच किती वाढला?

अंतर आठ किलोमीटरने वाढलं, जाऊन-येऊन सोळा. भरलेला जाणारा आणि रिकामा परतणारा टँकर सरासरी लिटरला चार किलोमीटर देतो असं धरलं, तर चार लिटर डिझेल. नव्वदच्या भावाने ३६० रुपये. टप्पा बदलल्याने आम्ही ४५० जास्त दिले. म्हणजे डिझेल सुटलं आणि टायर-क्लचसाठी वर नव्वद उरले. अंतराचा हिशोब इथे पूर्ण झाला.

उरलेली खरी वाढ दोन गोष्टींची. पहिली म्हणजे वेळ. हिवाळ्यात गाडी दिवसाला आठ खेपा मारते. उन्हाळ्यात भरायला रांग, विहिरीत पाणी साचेपर्यंत थांबणं आणि लांबचा रस्ता, म्हणून पाचच होतात. पण गाडीचा रोजचा बांधील खर्च तेवढाच राहतो. ड्रायव्हर ९००, क्लीनर ५०० आणि हप्ता, विमा, पासिंग मिळून १८०० धरले तर ३२०० रुपये. आठ खेपांवर वाटले तर खेपेला ४०० पडतात, पाचांवर वाटले तर ६४०. वाढ २४० रुपयांची. दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याची किंमत. विहीरवाला हिवाळ्यात टँकरमागे शंभर घेतो, मे महिन्यात दोनशे. वाढ शंभराची. दोन्ही मिळून ३४०.

म्हणजे अधिभार ३४० रुपयांचा हवा होता आणि घेतला गेला ५०० चा. वरचे १६० कुठून आले? तर टक्क्यातून. टक्का पूर्ण दरावर लागतो आणि त्या दरात डिझेलही आहे. डिझेल काय मे महिन्यात आपल्यासाठी वेगळ्या भावाने मिळतं? अंतर वाढलं म्हणून जे ४५० रुपये आम्ही आधीच मोजले, त्यांच्यावरच पुन्हा ४० टक्के, म्हणजे १८० रुपये, टंचाईच्या नावाने घेतले. ‘विहीर आटली, लांबून आणावं लागतं’ हे कारण टप्पा बदलताना एकदा वापरलं आणि अधिभार लावताना तेच परत वापरलं. याला मी दोनदा घेतलेले पैसे म्हणतो.

१६० रुपये किरकोळ वाटतील. आमच्याकडे रोज सहा टँकर येतात. ९६० रुपये दिवसाला. मार्च ते जूनचे १२२ दिवस धरले तर एक लाख सतरा हजार एकशे वीस. १२० फ्लॅट आहेत, म्हणजे घरटी ९७६ रुपये. आणि हे मी खर्च पुरवठादाराच्याच बाजूने मोकळ्या हाताने धरून सांगतोय. चारही महिने विहीर बारा किलोमीटरवर आणि खेपा पाचच, असं मानून. प्रत्यक्षात मार्चचे पहिले दोन-तीन आठवडे टँकर त्याच जवळच्या विहिरीतून येत होता, खेपा पूर्वीइतक्याच होत होत्या, पण ४० टक्के १ मार्चपासून चालू. त्या दिवसांत वाढीला कसलाच आधार नव्हता.

टंचाई काही कॅलेंडर बघून येत नाही. एखाद्या वर्षी फेब्रुवारीतच विहिरी कोरड्या पडतात, एखाद्या वर्षी एप्रिलपर्यंत तग धरतात. खडकवासला साखळीत किती पाणी आहे यावरूनही हे ठरत नाही, कारण खासगी टँकरचं पाणी येतं विहिरी-बोअरमधून. मग अधिभार कधी लावायचा? टंचाईचा खरा काटा एकच आहे, तो म्हणजे गाडीच्या दिवसाला होणाऱ्या खेपा. खेपा कमी झाल्या तर अधिभार लागावा, वाढल्या तर उतरावा. नोंद गाडीच्या वहीत असते, जीपीएसमध्ये असते. ती दाखवायला अडचण काय?

टप्प्यांचीही एक गोम आहे. ९.८ किलोमीटरला १००० आणि १०.२ ला १२५०. चारशे मीटरला अडीचशे रुपये! आणि विहीर कोण निवडतं? पुरवठादार. आम्ही फक्त पावती बघतो. नऊ किलोमीटरवर पाणी असताना अकरावर भरण्याचा किंवा नुसतं अकरा लिहिण्याचा मोह या टप्प्यातच ठेवलेला आहे. सगळे तसं करतात असं मी म्हणत नाही. पण पावतीवर भरण्याच्या ठिकाणाचं नाव आणि वेळ नसेल, तर कोण करतंय आणि कोण नाही हे कळणार कसं?

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपण खेपेचे पैसे देतो, पाण्याचे नाही. दहा हजार लिटर हा आकडा टाकीवर रंगवलेला आहे, म्हणून तो खरा मानायचा! आमची जमिनीखालची टाकी आतून पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद आहे, म्हणजे तळ वीस चौरस मीटर. दहा हजार लिटर पडले तर पाणी बरोबर पन्नास सेंटिमीटर चढायला हवं. आम्ही आठवडाभर टँकर लागायच्या आधी आणि उतरल्यावर खुणा केलेली काठी टाकून मोजलं. तेवढा वेळ वर पाणी चढवणारा पंप बंद ठेवायचा, नाहीतर मोजमाप खोटं येतं. सरासरी भरली ४३ सेंटिमीटर. म्हणजे ८६०० लिटर. रांगेत घाईने टाकी अर्धवट भरलेली असेल, व्हॉल्व्ह रस्ताभर गळत असेल, उतारावर उभी राहिल्याने तळाचं पाणी गाडीतच राहत असेल, नाहीतर टाकीच मुळात लहान असेल. कारण काहीही असो, १७५० रुपयांत ८६०० लिटर म्हणजे हजार लिटरला २०३ रुपये. पूर्ण भरलेल्या टँकरचा हिवाळ्यातला भाव होता ८०. दरपत्रकातली वाढ सगळ्यांना दिसते. काठी टाकल्याशिवाय ही दुसरी वाढ दिसत नाही.

यावर दोन उत्तरं ठरलेली आहेत. एक, ‘परवडत नसेल तर दुसरा बघा.’ बघितला. तीन ठिकाणी विचारलं, तिघांचाही सीझन रेट ४० टक्के आणि तारीखही तीच. दुसरं उत्तर शिकलेल्यांचं असतं, ‘मागणी-पुरवठा आहे, भाव वाढला की लोक पाणी जपून वापरतात.’ पण फ्लॅटमधल्या माणसाला खेपेचा भाव कुठे दिसतो? त्याला तीन महिन्यांनी मेंटेनन्सच्या बिलात एक सरासरी आकडा दिसतो. त्यातून नळ कोण बंद करणार? आणि या वाढीतून ड्रायव्हरच्या खिशात काही जातं म्हणाल, तर तेही नाही. त्याचा रोज तेवढाच, फक्त उन्हात थांबणं वाढतं.

हे होऊ शकत नाही असंही नाही. टंचाईत सरकार खेड्यांना टँकर लावतं तेव्हा भाड्याचे दोन भाग असतात. टँकरच्या क्षमतेप्रमाणे दिवसाचं भाडं वेगळं आणि किलोमीटरचं वेगळं. गाडीला जीपीएस आणि गावात खेपांची नोंदवही. तिथे घोटाळे होत नाहीत असा माझा दावा नाही. पण घोटाळा पकडायचा असेल तर आकडे आधी सुटे असावे लागतात. आपल्याकडे ते मुद्दाम एकत्र मळलेले आहेत.

म्हणून पुढच्या करारात आमची सोसायटी चार गोष्टी मागणार आहे, तुम्हीही मागा. पहिले पाच किलोमीटर ठरावीक दर आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला ६० रुपये, टप्पे नकोत. आमच्या बारा किलोमीटरला ते १२२० होतात आणि पंधराला १४००, म्हणजे पुरवठादाराचंही नुकसान नाही. दुसरं, टंचाई अधिभार टक्क्यात नको, रुपयांत हवा आणि दर आठवड्याला खेपांची नोंद बघून ठरावा. तिसरं, पावतीवर भरण्याचं ठिकाण आणि वेळ. चौथं, बिल काठीच्या मापाने, हजार लिटरवर.

एकट्या सोसायटीने मागितलं तर ‘उद्यापासून टँकर बंद’ एवढंच उत्तर मिळेल, हे मला माहीत आहे. उन्हाळ्यात मागून उपयोगही नाही, तेव्हा घसा आपला कोरडा असतो. करार बोलायचा तो दिवाळीनंतर, विहिरी भरलेल्या आणि गाड्या रिकाम्या उभ्या असताना, आणि शेजारच्या दहा-बारा सोसायट्यांनी मिळून.

आणि महापालिकेला एक प्रश्न. २०२१ मध्ये आम्हाला हद्दीत घेतलं, कर लावला. नळाला पाणी देता येईल तेव्हा द्या. तोपर्यंत टँकरच्या क्षमतेची तपासणी करून टाकीवर शिक्का मारायला आणि दरपत्रक जाहीर करायला कोणतं धरण बांधावं लागतं?

पुरवठादार मित्रांनाही सांगतो, माझ्या हिशोबात कुठे चूक वाटली तर आपली खेपांची वही घेऊन कमेंटमध्ये या, आकड्यांवर बोलू. बाकीच्यांनी आजच आपल्या टाकीची लांबी-रुंदी मोजा, उद्याच्या टँकरला काठी टाका आणि किती सेंटिमीटर भरलं ते खाली लिहा.