‘आय’ आधी की ‘ई’? स्पेलिंगच्या नियमाचा गळालेला अर्धा भाग

इंग्रजीच्या वहीत ‘रिसीव्ह’चे स्पेलिंग चुकले की शाळेत एक नियम हमखास सांगितला जातो : ‘आय’ आधी, ‘ई’ नंतर, मात्र मागे ‘सी’ असेल तर उलट. मुले तो पाठ करतात, ‘रिसीव्ह’ सुधारते. पण तोच नियम लावून ती ‘विअर्ड’ आणि ‘सीझ’ लिहितात तेव्हा पुन्हा लाल रेघ येते. मग नियम खोटा की शब्द हट्टी? इंग्लंडच्या शिक्षण व्यवस्थेनेच या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे दिली आहेत.

नियम नेमका काय सांगतो?

इंग्रजीत काही शब्दांत ‘आय’ आणि ‘ई’ ही अक्षरे शेजारी येतात. त्यातले आधी कोणते, एवढाच हा प्रश्न. ‘बिलीव्ह’, ‘फील्ड’, ‘चीफ’, ‘पीस’ म्हणजे तुकडा, ‘नीस’ म्हणजे भाची किंवा पुतणी, या सगळ्यांत ‘आय-ई’ असा क्रम आहे. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘सीलिंग’ यांत जोडीच्या लगेच मागे ‘सी’ आहे, म्हणून तिथे ‘ई-आय’. एकोणिसाव्या शतकापासून इंग्रजी शाळांत हा नियम तालावर पाठ करून घेतला जातो. पाठांतराची अडचण अशी, की तालात बसते तेवढेच लक्षात राहते. या नियमाचा महत्त्वाचा अर्धा भाग असाच गळून पडला आहे.

गळालेला भाग कोणता?

उच्चाराची अट. ही अक्षरजोडी दीर्घ ईकाराचा उच्चार दाखवत असेल तेव्हाच नियम लागू होतो. उच्चार दुसरा असेल तर त्या शब्दाबद्दल नियम काहीही सांगत नाही. ‘देअर’ म्हणजे त्यांचा, ‘नेबर’, ‘एट’ हा आकडा, ‘वेट’ म्हणजे वजन, ‘हाइट’, ‘फॉरेन’ या सगळ्यांत ‘ई-आय’ आहे आणि मागे ‘सी’ नाही. वरवर पाहता हे नियमाचे अपवाद वाटतात. प्रत्यक्षात यांपैकी एकाही शब्दात त्या जोडीचा उच्चार दीर्घ ईकार नाही, म्हणून ते नियमाच्या कक्षेतच येत नाहीत.

‘सी’च्या बाजूलाही हेच होते. ‘सायन्स’, ‘सोसायटी’, ‘एन्शंट’, ‘एफिशंट’ यांत ‘सी’नंतर ‘आय-ई’ येते. इंग्रजी शब्दकोशात ‘सी’पुढे ‘ई-आय’पेक्षा ‘आय-ई’ असलेले शब्दच जास्त आहेत, असे दाखवून नियमाची थट्टा केली जाते. ही मोजणी खरी आहे. पण ‘सायन्स’मध्ये ‘आय’ आणि ‘ई’ दोन वेगळ्या अवयवांत आहेत, तर ‘एन्शंट’मध्ये ‘सी’ आणि ‘आय’ मिळून ‘श’ होतो. दीर्घ ईकार कुठेच नाही. उच्चाराची चाळणी लावली की थट्टेतले बहुतेक पुरावे गळून पडतात.

इंग्लंडने नियम शिकवणे का थांबवले होते?

२००९ मध्ये इंग्लंडमधील प्राथमिक शिक्षकांसाठी ‘सपोर्ट फॉर स्पेलिंग’ ही सरकारी मार्गदर्शिका निघाली. हा नियम शिकवण्यात अर्थ नाही, असे तिने स्पष्ट म्हटले. युक्तिवाद असा : उच्चाराची अट माहीत नसेल तर ‘देअर’सारखे शब्द मुलांना अपवाद वाटतात. आणि अट माहीत असली तरी ‘सी’नंतर ‘ई-आय’ येणारे शब्द इतके थोडे आहेत, की ते थेट पाठ करणे सोपे. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘पर्सीव्ह’, ‘सीलिंग’, शिवाय ‘रिसीट’, ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’. यादी जवळपास इथेच संपते.

पुढे २०१३ मध्ये इंग्लंडचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि नियम परतला. पाचव्या-सहाव्या इयत्तेच्या स्पेलिंगच्या परिशिष्टात तो आता उच्चाराच्या अटीसकट दिलेला आहे. ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ आणि ‘सीझ’ हे अपवाद म्हणून तिथेच नोंदवले आहेत. ‘आयदर’ आणि ‘नायदर’ यांचा उच्चार कोणी ‘ईदर’, ‘नीदर’ असा करत असेल तर तेही अपवाद, असे परिशिष्ट सांगते.

यातले दुसरे उत्तर अधिक बरोबर आहे. आठ शब्द पाठ करता येतात हे खरे, पण नियमाची खरी कमाई त्या आठ शब्दांत नाही. ‘थीफ’, ‘शील्ड’, ‘ब्रीफ’, ‘ग्रीफ’, ‘प्रीस्ट’, ‘अचीव्ह’, ‘यील्ड’ अशा लांबलचक रांगेत ‘आय-ई’ लिहायचे, हे तो एका दमात सांगतो. आठ शब्दांची यादी हे काम करत नाही.

मग ‘विअर्ड’ आणि ‘सीझ’ नियम का मोडतात?

कारण स्पेलिंग ठरले ते शब्द जिथून आला त्या वाटेने, नियम मात्र मागाहून केला गेला. ‘सी’नंतरचे ‘ई-आय’ही तसेच. ‘रिसीव्ह’, ‘डिसीव्ह’, ‘कन्सीव्ह’, ‘पर्सीव्ह’ हे सख्खे चुलत शब्द आहेत. ‘घेणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून ते जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि येताना फ्रेंचमधले ‘ई-आय’ घेऊन आले. पुढे पंडितांनी लॅटिनची आठवण म्हणून ‘रिसीट’मध्ये न उच्चारला जाणारा ‘पी’ घुसवला. ‘डिसीट’ आणि ‘कन्सीट’ त्यातून सुटले.

‘सीझ’ म्हणजे जप्त करणे, ताब्यात घेणे. नॉर्मन विजयानंतर इंग्लंडच्या कोर्टकचेरीत फ्रेंच भाषा बसली, त्या काळचा हा शब्द. जमिनीच्या कायदेशीर ताब्यासाठी त्याच कुळातला ‘सीझिन’ हा शब्द चालत असे. कायद्याची भाषा जुने रूप सहसा सोडत नाही, आणि या शब्दात फ्रेंचमधले ‘ई-आय’ टिकून राहिले. त्याच्याशी गल्लत होणारा ‘सीज’, म्हणजे किल्ल्याला घातलेला वेढा, वेगळ्या मुळाचा आहे आणि तो नियमाप्रमाणे ‘आय-ई’नेच लिहितात.

‘विअर्ड’ अस्सल इंग्रजी. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘नियती’ असा होता. नंतर तो मुख्यतः स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडच्या बोलीत उरला, आणि त्याचे आजचे स्पेलिंग त्या बाजूचे आहे. शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मधल्या तीन चेटकिणी म्हणजे नियतीच्या भगिनी. १६२३ च्या छापील आवृत्तीत त्यांच्यासाठीचा हा शब्द आजच्यापेक्षा वेगळ्या स्पेलिंगने छापला आहे. ‘विचित्र’ हा अर्थ एकोणिसाव्या शतकात रुळला. खरे तर ‘विअर्ड’मध्ये निव्वळ ईकार नाही, पुढच्या ‘र’मुळे तो किंचित वळतो. पण तशाच उच्चाराचे ‘पिअर’ म्हणजे धक्का आणि ‘फिअर्स’ म्हणजे उग्र हे शब्द ‘आय-ई’ घेतात. म्हणून ‘विअर्ड’ अपवादच धरावा.

‘प्रोटीन’ आणि ‘कॅफीन’ यांची गोष्ट सर्वांत सरळ. दोन्ही एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राचे शब्द. यात ‘ई’ मूळ शब्दाचा शेवट आहे आणि ‘आय’पासून प्रत्यय सुरू होतो. सांध्यावर दोन अक्षरे शेजारी आली, इतकेच.

उलट्या बाजूलाही सांधा असतो. ‘पॉलिसी’, ‘एजन्सी’ यांचे अनेकवचन करताना शेवटच्या ‘वाय’ची ‘आय-ई’ होते. त्यामुळे मागे ‘सी’ असूनही तिथे ‘ई-आय’ येत नाही. ‘स्पीशीज’ म्हणजे प्राण्यांची जात, हा मात्र लॅटिनमधून जसाच्या तसा आलेला खरा अपवाद.

प्रत्यक्ष वाक्यात नियम कसा लावायचा?

एक वाक्य घेऊ : ‘देअर नेबर सीझ्ड द थीफ अँड रिसीव्ह्ड अ विअर्ड रिसीट’. त्यांच्या शेजाऱ्याने चोराला पकडले आणि त्याला एक विचित्र पावती मिळाली. यात ही जोडी असलेले सात शब्द आहेत.

नुसता पाठ केलेला नियम लावला तर ‘थीफ’, ‘रिसीव्ह्ड’ आणि ‘रिसीट’ बरोबर येतात. बाकीचे चार चुकतात. आता आधी उच्चार तपासू. ‘देअर’ आणि ‘नेबर’मध्ये दीर्घ ईकार नाही, तेव्हा नियम तिथे लावायचाच नाही, ते शब्द जसे आहेत तसे लक्षात ठेवायचे. उरलेल्या पाचांपैकी ‘थीफ’च्या जोडीमागे ‘सी’ नाही म्हणून ‘आय-ई’, ‘रिसीव्ह्ड’ आणि ‘रिसीट’मध्ये ‘सी’ आहे म्हणून ‘ई-आय’. चुकतात ते दोनच, ‘सीझ्ड’ आणि ‘विअर्ड’. चुका चारावरून दोनावर येतात, आणि ते दोन्ही शब्द अपवादांच्या छोट्या यादीतले असतात.

मराठी विद्यार्थ्याला याचा काय उपयोग?

महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. मराठी माध्यमाच्या मुलाकडे या नियमासाठी एक आयते साधन आहे, ते म्हणजे देवनागरी. शब्द देवनागरीत लिहून पाहिला की ती जोडी कोणता स्वर दाखवते ते समोर येते. ‘बिलीव्ह’मध्ये वेलांटी दुसरी, ‘नेबर’मध्ये मात्रा, ‘हाइट’मध्ये ‘आइ’. दुसरी वेलांटी आली तरच नियम विचारात घ्यायचा.

या युक्तीला मर्यादा आहेत. ‘फील्ड’ अनेक जण ‘फिल्ड’ असा पहिल्या वेलांटीने लिहितात, म्हणून शब्द मोठ्याने म्हणून स्वर लांबतो का ते ऐकावे लागते. ‘पॉलिसीज’मध्ये दुसरी वेलांटी दिसते, पण तिथे अनेकवचनाचा सांधा आहे हे ओळखावे लागते. आणि मुलाने शब्द कधी ऐकलाच नसेल, फक्त छापील पाहिला असेल, तर युक्ती चालत नाही.

म्हणून या नियमाचा धडा फळ्याऐवजी कानापासून सुरू व्हायला हवा. आधी शब्द ऐकायचा, मग वेलांटी ठरवायची, मग ‘सी’ शोधायचा. ‘सीझ’, ‘विअर्ड’, ‘प्रोटीन’, ‘कॅफीन’ आणि ‘स्पीशीज’ हे पाच शब्द त्याच तासाला वेगळे लिहून द्यायचे. नियमाआधी अट आणि नियमानंतर यादी दिली, तर ‘विअर्ड’खाली लाल रेघ ओढताना शिक्षकाला मुलापुढे नियमाची बाजू सावरावी लागणार नाही.