अर्धा भरलेला फॉर्म आणि आपली घाई

रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. जातीच्या दाखल्याचा अर्ज, निळ्या पेनानं अर्धा भरलेला. सोबत एक अक्षर नाही, 'जय भीम दादा' एवढंही नाही. पाठवणारी मुलगी बीड शहरात राहते. आईवडील ऊसतोडीला गेलेत.

अशा वेळी आपण कार्यकर्ते काय करतो? लगेच फोन लावून माहिती विचारतो आणि बाकीचा फॉर्म भरून टाकतो. काम झालं, पुण्य लागलं! माझं म्हणणं, ही घाई चुकीची आहे. न बोलता पाठवलेल्या फोटोमागे तीन मागण्या असू शकतात: भरून द्या, चूक आहे का बघा, किंवा हा रकाना काय विचारतोय ते सांगा. यातली कोणती, हे बहुतेक वेळा कागदच सांगतो. पेन कुठं थांबलं ते बघा. नावापुढं सगळं कोरं असेल तर भरायला मदत हवी आहे. सगळं भरून फक्त सही राहिली असेल तर तपासून हवंय. मध्येच एक-दोन रकाने सोडले असतील तर तिथं अर्थ कळलेला नाही.

या फोटोत धर्म 'बौद्ध' लिहिला होता. जातीच्या रकान्यात आधी 'महार' लिहून खोडलं होतं आणि वर 'नवबौद्ध' लिहिलं होतं. १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या मूळ गावाचा रकाना कोरा होता. म्हणजे एक चूक होती आणि एक अडचण. मी एवढंच विचारलं, "मूळ गावापाशी अडलीस का? आणि 'महार' का खोडलंस?" उत्तर आलं, "आपण ती जात सोडली ना, दादा."

हा प्रश्न तिच्या जागी मी 'महार' लिहून टाकल्यानं सुटला असता का? नाही. उद्या शिष्यवृत्तीच्या अर्जात तिनं पुन्हा 'नवबौद्ध' लिहिलं असतं. म्हणून तिला रकाना समजावला. अनुसूचित जातींच्या यादीत 'नवबौद्ध' नावाची जात नाही, 'महार' आहे. १९९० च्या दुरुस्तीनं बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या सवलती मिळाल्या, पण त्या यादीतल्या मूळ जातीच्या आधारावर. म्हणून धर्म बौद्ध, जात महार. हा रकाना तू काय मानतेस ते विचारत नाही, तुझे पूर्वज यादीतल्या कोणत्या समाजातून आले ते विचारतो. शिवाय तारीख बघ. १० ऑगस्ट १९५० ही दीक्षाभूमीच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या आधीची. त्या काळच्या आजोबांच्या नोंदीत 'बौद्ध' सापडणारच नाही. कागद 'महार' म्हणणार आणि अर्ज 'नवबौद्ध', मग पडताळणीत अडचण आलीच.

आता कोरा रकाना. तिला वाटत होतं, इथं बीडचा पत्ता लिहायचा. पण आजोबा १९५० साली अंबाजोगाई तालुक्यातल्या गावात होते. तेच गाव लिहायचं आणि अर्जही अंबाजोगाईच्या उपविभागीय अधिकाऱ्याकडे जायचा, बीडच्या नाही. मी फॉर्म भरला असता तर समोर दिसणारा बीडचाच पत्ता टाकला असता! पुरावा म्हणून आजोबांच्या किंवा त्यांच्या भावाच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा शोधायला सांगितला. आपल्याकडे निजामकाळातल्या नोंदी बऱ्याचदा उर्दूत असतात, म्हणून 'नोंद नाही' या उत्तरावर लगेच परत फिरू नकोस, हेही सांगितलं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची जात वैधता झाली असेल तर ती प्रतही जोडायची.

कुणी म्हणेल, मुदत उद्या संपते, आई निरक्षर आहे, तिथं शिकवत बसायचं का? तिथं जरूर भरून द्या. पण सही किंवा अंगठा घेण्याआधी प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचून दाखवा. २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्यात जात सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर आहे आणि खोट्या माहितीला शिक्षाही आहे. पेन आपलं असलं तरी प्रतिज्ञापत्रावर सही त्यांची असते.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी कुठं अडलं ते विचारा. मग अर्ज बाद करणारी चूक दाखवा. मग अडलेला रकाना समजावा. भरून देणं सगळ्यात शेवटी. आणि तो फोटो गटात टाकू नका, त्यावर आधार क्रमांक असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा पुन्हा फोटो आला. खाडाखोड नको म्हणून नवा अर्ज घेतला होता. जातीपुढं 'महार', धर्मापुढं 'बौद्ध', दोन्ही तिच्याच अक्षरात. या वेळी खाली एक ओळही होती: "दादा, आता फक्त तपासा."

जय भीम!