ओरखडे मजकुरावर, आळ कोणावर?

यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारे डिटेक्टर कितपत चिवट आहेत हे तपासण्याची संशोधकांची एक रूढ पद्धत आहे. यंत्राचा मजकूर घ्यायचा, त्यात मुद्दाम थोडे फेरफार करायचे आणि डिटेक्टर त्याला तरीही ओळखतो का, ते पाहायचे. या परीक्षेविषयी आमची एक तक्रार आहे. मात्र ती मांडण्यापूर्वी परीक्षा कशी घेतली जाते हे सांगणे न्याय्य ठरेल.

पुष्कळसे डिटेक्टर मजकुराचा अर्थ पाहत नाहीत, त्यातील शब्द किती अपेक्षित आहेत ते मोजतात. ‘पावसाळ्यात नदीला’ या शब्दांपुढे ‘पूर’ येणार, हे भाषेच्या प्रारूपाला ठाऊक असते. यंत्र लिहिते तेव्हा बहुधा अशाच मळलेल्या वाटेने चालते, म्हणून मजकूर जितका अपेक्षित तितका संशय गडद. आता कोणी ‘नदिला पुर’ असे लिहिले, तर वाचक किंचित कपाळाला आठ्या घालून पुढे जाईल; यंत्राच्या लेखी मात्र ते शब्द अनोळखी तुकड्यांत फुटतात आणि वाक्य अनपेक्षित ठरते. (ऱ्हस्वदीर्घाची उपेक्षा करणाऱ्यांना मिळालेले हे पहिलेच पारितोषिक असावे.)

समानार्थी शब्दांची अदलाबदल याच तत्त्वावर चालते, पण ती अधिक नाजूक असते. ‘पूर’च्या जागी ‘महापूर’ चालून जाईल. परंतु ‘त्याने मान खाली घातली’ या वाक्यात कोशातून शब्द उचलून ‘त्याने आदर खाली घातला’ केले, तर डिटेक्टर फसेलही, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण जो मजकूर तपासायचा होता तो आता उरलेलाच नाही. म्हणून जाणते संशोधक शब्दांचा किती हिस्सा बदलला ते नोंदवतात, आणि अर्थ टिकला की नाही हे माणसांकडून वा दुसऱ्या मोजमापाने पडताळून घेतात. हे न करता जाहीर केलेला निकाल आम्ही तरी गंभीरपणे घेत नाही.

दुसरी अट उंबरठ्याची. किती गुणांपुढे मजकूर यंत्राचा मानायचा, ही रेषा आधी माणसांच्या लेखनावर ठरवून गोठवावी लागते. उदाहरणार्थ, माणसांच्या १००० लेखांपैकी फार तर १० लेखांवर खोटा आळ यावा, अशी. फेरफारानंतर रेषा सरकवली तर परीक्षेला अर्थच उरत नाही. खोट्या आळाचे प्रमाण असे १ टक्क्यावर स्थिर ठेवून २०२३ साली कल्पेश कृष्णा व सहकाऱ्यांनी यंत्राकडूनच मजकुराचे पुनर्लेखन करवून पाहिले. तेव्हा ‘डिटेक्टजीपीटी’ या डिटेक्टरचे यश ७०.३ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आले.

येथवर प्रश्न एकच होता: लबाड निसटतो का? आमची तक्रार अशी की, तेच फेरफार माणसाच्या मजकुरावर केल्यास काय होते, हे तितक्याच आस्थेने विचारले जात नाही. जेथे विचारले गेले, तेथील उत्तर अस्वस्थ करणारे आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांपुढे ठेवले. सरासरी ६१.३ टक्के निबंधांवर यंत्रलिखित असल्याचा आळ आला. परक्या भाषेत मोजक्या, साध्या शब्दांत लिहिणारा माणूस यंत्रासारखाच अपेक्षित वाटतो, हे त्याचे कारण. पुढे त्याच निबंधांची शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतली, आणि आळाचे प्रमाण बरेच उतरले! म्हणजे यंत्राचा हात लागल्यावर माणूस माणूस ठरला.

अनुवादाच्या फेरीत ही गुंतागुंत आणखी वाढते. यंत्राचा इंग्रजी मजकूर दुसऱ्या भाषेत नेऊन परत इंग्रजीत आणला, की शब्द आणि वाक्यरचना दोन्ही हलतात. लबाडाला हे सोयीचे. पण परतीच्या वाटेवर शब्द निवडतो तो अनुवादक यंत्रच. डेबोरा वेबर-वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १४ साधने तपासली, तेव्हा माणसाने स्वतःच्या भाषेत लिहून यंत्राकडून इंग्रजीत आणलेले लेखही त्यांत घेतले होते. त्या लेखांबाबत साधने अधिक चुकली. ज्या लेखकाचे विचार, युक्तिवाद, उदाहरणे सारी त्याची स्वतःची आणि केवळ इंग्रजी उसने, त्याला काय म्हणावे? मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रश्न काल्पनिक नाही. डिटेक्टरचे उत्तर बहुधा ‘यंत्र’ वा ‘माणूस’ एवढेच असते. त्याची जागा या दोहोंमध्ये कुठेतरी आहे.

म्हणून चिवटपणाच्या प्रत्येक तक्त्यात आम्हांला दोन स्तंभ हवे आहेत. टंकनदोष, शब्दबदल, अनुवादाची फेरी, प्रत्येकासमोर यंत्राचे किती मजकूर निसटले ही संख्या, आणि तिच्या शेजारी, त्याच फेरफारानंतर, त्याच गोठवलेल्या उंबरठ्यावर, माणसांचे किती मजकूर अडकले ही दुसरी.