दहा आठवड्यांचा माल आणि दोन रिकामे कप्पे

शिलकी मालाची एकूण रक्कम पाहून खरेदी ठरवू नका, असं मी लिहिलं तेव्हा काहींना ते टोकाचं वाटलं होतं. या रविवारी बदलापूर पूर्वेच्या एका जीन्सच्या दुकानात बसलो आणि माझं मत आणखी पक्कं झालं.

मालकाने आठवड्याचा स्टॉक रिपोर्ट पुढे केला. शिल्लक १८६ नग, विक्री १८. म्हणजे दहा आठवड्यांचा माल आहे, खरेदी नको, असा त्याचा हिशेब. तेवढ्यात एक गिऱ्हाईक ३२ची कंबर मागून रिकाम्या हाताने गेलं.

मग तोच रिपोर्ट साइजप्रमाणे मांडला. २८ची विक्री १, शिल्लक ६०. ३०ची ४ आणि २०. ३६ची २ आणि ४६. ३८ची विक्री शून्य, शिल्लक ६०. ३२चे ६ आणि ३४चे ५ नग विकले गेले होते, पण शिल्लक काहीच नाही. जवळजवळ सगळा दहा आठवड्यांचा माल न चालणाऱ्या साइजांत अडकलेला.

त्यातही ३२चा माल बुधवारी रात्रीच संपला होता. म्हणजे ते ६ नग सात दिवसांचे नाहीत, तीन दिवसांचे. त्या चालीने आठवड्याची मागणी १४ नगांची होते. रिपोर्ट मात्र ६च दाखवतो, आणि पुढच्या आठवड्यात शून्य दाखवेल. म्हणून विक्रीशेजारी ‘माल किती दिवस होता’ हा रकाना हवाच. अर्थात एकाच बिलात चार नग गेले असतील तर ही चाल फसवी ठरते, तेव्हा तीन आठवडे शेजारी ठेवून पाहावं.

हे झालं कशामुळे? माल उल्हासनगरहून सेटमध्ये येतो, २८ ते ३८ प्रत्येकी एक नग. ३२ आणि ३४चे दहा-दहा नग हवे असतील तर दहा सेट, म्हणजे ६० नग घ्यावे लागतात. नगाला ६०० रुपये धरले तर ३६,००० रुपये, आणि ४० नग पुन्हा कप्प्यात पडून. सुटे २० नग नगामागे ३० रुपये जास्त देऊन घेतले तरी १२,६०० रुपयांत काम होतं. ‘सुटा माल महाग पडतो’ हे आपल्या बाजारातलं सर्वांत महागडं वाक्य आहे, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय.

बदलापूरहून उल्हासनगर लोकलने दुसरं स्टेशन, मध्ये फक्त अंबरनाथ. घाऊक बाजार इतका जवळ असताना चालत्या साइजचा दोन आठवड्यांचा माल पुरतो. तेव्हा दुकानदारांनो, येत्या रविवारी एकूण बेरीज झाकून ठेवा आणि प्रत्येक साइजपुढे तीनच आकडे लिहा: विक्री, शिल्लक, माल होता ते दिवस. घाऊकवाल्याला फोन त्यानंतर करा.