खर्च तेवढाच ठेवायचा, तर पेला कुणाचा कमी करायचा?



आज जरा भांडायला बसले आहे. भांडण एका वाक्याशी आहे. ते वाक्य आपल्या सगळ्यांच्या घरात महिन्याच्या एक तारखेला ऐकू येतं: "महागाई आहे, मान्य, पण घरखर्च तेवढाच राहिला पाहिजे. वापर कमी करा." बोलणारा पैसे मोजून ठेवतो, पेपर उघडतो, आणि त्याच्या दृष्टीने विषय संपतो. आपल्या दृष्टीने तो तिथे सुरू होतो.

आमच्याकडे हे वाक्य तेलावरून निघालं. १४ सप्टेंबर २०२४ पासून सरकारने बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरचा एकूण कर ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेला. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यामुळे त्याची धग फोडणीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या वाण्याकडे १२० रुपये लिटरने मिळणारं सूर्यफुलाचं तेल दिवाळीच्या सुमाराला १५० झालं. महिन्याला पाच लिटर लागतं. म्हणजे सहाशेचे साडेसातशे.

आमचे हे म्हणाले, "भाव २५ टक्के वाढला ना? मग वापर २५ टक्के कमी कर. सोपं आहे."

सोपं आहे, पण चूक आहे. बी.कॉम.ची पदवी चाळीस वर्षं डब्यात ठेवली असली तरी तिला अजून बुरशी आलेली नाही. २५ टक्के कमी म्हणजे पावणेचार लिटर. त्याचे दीडशेच्या भावाने झाले ५६२ रुपये ५० पैसे. खर्च तेवढाच ठेवायचा होता, तो साडेसदतीस रुपयांनी कमीच झाला, आणि तेवढं तेल आम्ही विनाकारण सोडलं. सहाशेत दीडशेच्या भावाने बसतं बरोबर चार लिटर. म्हणजे सोडायचं पाचातलं एक. कपात २० टक्के.

"भाव २५ ने वाढला आणि कपात २० ची? हे कसं?" हा प्रश्न यांनीही विचारला आणि मुलानेही. मुलगा इंजिनियर आहे, तरी विचारला. तर असं पाहा. आम्ही एक लिटर सोडलं, तेव्हा त्याचे जुन्या भावाचे १२० रुपये हातात उरले. उरलेल्या चार लिटरांना प्रत्येकी ३० रुपये जास्त द्यायचे आहेत. चार त्रिक बारा, १२०. हिशोब मिटला. वाढीव पैसे सोडलेल्या लिटरवर द्यावेच लागत नाहीत, फक्त उरलेल्यांवर द्यावे लागतात. म्हणून कपातीचा टक्का वाढीच्या टक्क्यापेक्षा नेहमी लहान निघतो.

कागदावर करायचं तर वाढीचा टक्का घ्या, त्याला शंभर अधिक तोच टक्का याने भागा आणि शंभराने गुणा. २५ भागिले १२५, गुणिले १००, झाले २०. पण मला टक्क्यांपेक्षा हिस्से जास्त आवडतात, कारण हात पिठात असतानाही ते जमतात. भाव चौथ्या हिश्शाने वाढला तर वापराचा पाचवा हिस्सा सोडायचा. पाचव्या हिश्शाने वाढला तर सहावा. निम्म्याने वाढला तर तिसरा. दुप्पट झाला तर निम्मा. यांना शेवटी हेच पटलं. भाव दुप्पट झाला म्हणजे वाढ १०० टक्के; यांच्या रीतीने वापरही १०० टक्के कमी करायचा, म्हणजे जेवणच बंद. तेव्हा कुठे पेपर खाली आला.

आता तुम्ही म्हणाल, मग भांडण कशाला? पंचवीसऐवजी वीसच सोडायचे, बरंच झालं की. तेलापुरतं झालंही. पाचातले तीन लिटर रोजच्या फोडणीला, पोळीला आणि भाजीला जातात, दोन तळणाला. रोजच्यातलं कमी केलं नाही. तीन लिटरांचे साडेचारशे झाले, उरलेल्या दीडशेत तळणाला एक लिटर आलं. तळण निम्मं झालं. रविवारची भजी पंधरवड्यावर गेली, मुलाने दोन दिवस तोंड पाडलं, पण त्यात कुणाचं नुकसान नाही. घराची कपात वीस टक्के, तळणाची पन्नास, फोडणीची शून्य. टक्का घरावर सारखा पसरत नाही, तो कुठेतरी एका जागी जाऊन बसतो, हे मात्र तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही.

ते दुधाने दाखवून दिलं.

आमच्याकडे रोज अर्ध्या लिटरच्या चार पिशव्या येतात. महिन्याच्या १२०. पिशवी तीस रुपयांची होती तेव्हा बिल ३,६०० होतं. ती तेहतीसची झाली. वाढ दहा टक्के, म्हणजे दहावा हिस्सा. तेव्हा सोडायचा अकरावा. ३,६०० रुपयांत आता १०९ पिशव्या बसतात, तीन रुपये उरतात. महिन्याला अकरा पिशव्या कमी. पिशवी कापून मिळत नाही, म्हणून महिन्यातले अकरा दिवस चाराऐवजी तीन घ्यायच्या असं ठरलं. मी ठरवलं, वहीत लिहिलं आणि हिशोब जुळल्याचं समाधान मानलं. नऊ टक्के म्हणजे काय मोठं, असंही वाटलं.

दिवसाला सरासरी काढली तर हे होतं १८३ मिलिलिटर. एक पेला. आता तो पेला कुणाचा, ते पाहा. दोन लिटरांतलं अर्धा लिटर नातवाचं, त्याला हात लावायचा नाही. पाव लिटर सासूबाईंचं, त्या पंच्याऐंशीच्या आहेत, सूर्यास्तापूर्वी तेवढंच घेतात, त्यालाही नाही. अर्धा लिटर विरजणाला. दही-ताक नसेल तर पुरुषमंडळींचा घास उतरत नाही. अर्धा लिटर घरभराच्या चहाला, आणि चहात पाणी वाढलेलं यांना पहिल्या घोटाला कळतं. राहिलं पाव लिटर. ते सूनबाईचं आणि माझं. त्यातून १८३ गेले तर आम्हा दोघींना मिळून उरले ६७. घराची कपात नऊ टक्के. आमची जवळजवळ पाऊण.

पण तसंही झालं नाही. माझा अर्धा पेला मला मिळतच होता, कारण सूनबाई तो मला आणून देत होती. तीन आठवड्यांनी मी विचारलं, "अगं, तुझं दूध?" म्हणाली, "आई, मला हल्ली दूध पचत नाही." लग्नाला सहा वर्षं झाली आहेत. सहा वर्षं पचत होतं, पिशवी तेहतीसची झाली आणि पचेनासं झालं. आणि मी तिच्यावर रागावू तरी कशी? हेच वाक्य, याच शब्दांत, मी माझ्या सासूबाईंना म्हटलेलं आहे. तेव्हा तूप महागलं होतं. त्या रात्री सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुझं तूप मला तेव्हाच कळलं होतं." कळलं होतं, तरी बोलल्या नव्हत्या. मीही तीन आठवडे विचारलं नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

म्हणून म्हणते, "खर्च तेवढाच ठेवा" हे काटकसरीचं वाक्य नाही. पैसे तेवढेच आणि भाव वाढलेले, याचा अर्थ घरातून काहीतरी काढून टाकण्याचा हुकूम. फक्त काय काढायचं आणि कुणाचं, हे हुकूम देणाऱ्याने सांगायचं नाही. ते बाईने ठरवायचं, आणि बाई नेहमी स्वतःपासून सुरुवात करते. सरासरी नऊ टक्क्यांच्या आड एकीची शंभर टक्के कपात लपते, आणि वहीत ती कुठेच दिसत नाही. माझी वही तर तीन रुपये शिल्लक दाखवत होती!

यावर मंडळातल्या एका ताईंनी ऐकवलं, "आपल्याला रसपरित्याग का नवा आहे? दूध, दही, तूप, तेल, साखर, मीठ, यांतला एखादा रस आपण सोडतोच की." ताई, सोडतो. चातुर्मासात मीही सोडते. पण तो मी माझ्या मनाने, नियम घेऊन, मुदत ठरवून सोडते, आणि घरात सगळ्यांना तो ठाऊक असतो. सूनबाईने नियम घेतला नव्हता. तिने खोटं कारण सांगितलं होतं, आणि ते सांगण्याची पाळी आम्ही तिच्यावर आणली होती. सत्यव्रताचा विचार करायचा असेल तर तो इथे करा. भाववाढीने ओढून नेलेल्या पेल्याला तपाचं नाव देऊ नका.

आणखी एक सांगते, कारण ते माझ्या हातून निसटलं होतं. वाण्याकडून आणलेल्या तेलाच्या पिशवीवर मध्यंतरी चष्मा लावून पाहिलं तर ८५० ग्रॅम लिहिलेलं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. पिशवी तेवढीच दिसते, आकडा मात्र साठ ग्रॅमने खाली. अशा चार पिशव्या आणल्या तर २४० ग्रॅम, म्हणजे पाव लिटरहून जास्त तेल घरी आलेलंच नाही. इथे तर कपात करायची का, हे आपल्याला कुणी विचारतही नाही. करून, सील लावून हातात देतात. बिस्किटांचंही तेच. दहा रुपयांचा पुडा शंभर ग्रॅमचा ऐंशीचा झाला तर लोक म्हणतात वीस टक्के कमी मिळालं. बरोबर आहे, पण भाव वीस नाही, पंचवीस टक्के वाढला. वरचंच गणित, उलट बाजूने. तेव्हा पिशवीची किंमत वाचू नका, आधी वजन वाचा. प्रत्येक ग्रॅमचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो मागच्या महिन्याच्या पिशवीशी ताडून पाहा.

आमच्या घरचं सांगते. पुढच्या एक तारखेला मी वही यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "पैसे तेवढेच द्यायचे असतील तर द्या, पण कुठल्या अकरा पिशव्या बंद करायच्या ते तुम्ही सांगा. ज्याचा पेला असेल त्याच्या नावासकट." बराच वेळ वाचलं. नातवाच्या नावावर बोट गेलं नाही, आईच्या नावावर गेलं नाही. विरजणाच्या ओळीवर थांबलं आणि पुढे सरकलं. सूनबाईच्या नावाशी आलं, तेव्हा मी काहीच बोलले नाही.

मग असं ठरलं, की तेलाचा एक लिटर गेला तो गेला, भजी पंधरवड्यालाच. दुधाच्या १२० पिशव्या पूर्ववत यायच्या आणि त्यांचे वाढीव ३६० रुपये घरखर्चात जास्त मिळायचे. यांनी साडेतीनशे काढून दिले, सुटे नाहीत म्हणाले. दहा रुपये यायचे आहेत, वहीत मांडून ठेवले आहेत.