वाक्य ज्याचे त्याचे

मित्रमैत्रिणींनो व भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनो,

मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली. माझ्या बाकावरच्या मित्राने ‘आमची म्हैस’ हा निबंध लिहिला आणि कच्चा कागद मला तपासायला दिला. त्यात एक वाक्य होते, “वडगावच्या बाजारातनं बाबा नुसतं दावं घेऊन आले. आई काय बोलली न्हाई.” मला ते अशुद्ध वाटले. मी ते खोडून लिहिले, “म्हैस विकल्यामुळे आईला अतिशय दुःख झाले.”

मित्राने ते वाचून कागद दप्तरात घातला. म्हणाला, “हे माझं न्हाई. आई गप होती, एवढंच मी बघितलं.” निबंध द्यायचाच नाही, असे तो म्हणाला. माझे वाक्य शुद्ध होते, पण त्यातले दावे आणि आईचे गप्प बसणे मीच पुसून टाकले होते.

मी गुरुजींना सांगितले. त्यांनी संत एकनाथांची गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरी 1290 साली लिहिली गेली. पुढे हाताने नकला करताना तिच्यात चुकीचे पाठ शिरले. एकनाथांनी 1584 साली प्रती ताडून ती शुद्ध केली. ते स्वतः मोठे कवी. तरी त्यांनी बजावले, की यात कोणी आपली ओवी घालील तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखे होईल. म्हणजे चूक काढावी, पण आपले घुसडू नये.

आता मी पेन्सिलीने फक्त समासात लिहितो. जिथे अडलो तिथे खाली रेघ मारतो आणि प्रश्न विचारतो. त्याच निबंधात “पैसे कमी आले” असे होते. मी समासात लिहिले, “कशापेक्षा कमी?” मित्राने विचार करून स्वतः लिहिले, “बहिणीच्या फीला पुरंना एवढे कमी.” हे मला कधीच सुचले नसते! ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर शब्दाखाली टिंब देतो, दुरुस्त तोच करतो. आणि त्याला सूचना पटली नाही, तर त्याचेच वाक्य राहते.

दुसरी गोष्ट श्रेयाची. माझ्या ‘गुऱ्हाळ’ निबंधावर मित्राने विचारले, “काहिलीतल्या रसाचा वास कुठाय?” तेव्हा काही मी ऐकले नाही. आठ दिवसांनी वासाचे वाक्य घातले, आणि ते आपल्यालाच सुचले असे मला वाटू लागले. उशिरा घेतलेली सूचना अशीच आपली वाटते. पण त्याच्या पेन्सिलीचा प्रश्न समासात होताच. म्हणून मी निबंधाखाली त्याचे नाव घालून लिहिले, “वासाचे लिहावे ही सूचना याची, वाक्य माझे.” ज्ञानेश्वरीच्या शेवटीसुद्धा ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. मग आपल्याला एक ओळ लिहायला काय जड आहे?

मित्राचा निबंध शेजारीच लावला आहे. दाव्याचे वाक्य त्याचेच आहे. जरूर वाचा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थी