पडताळणीतील तफावत म्हणजे गुन्हा नव्हे

गोंदिया-भंडाऱ्याकडची आपली कितीतरी मुले रायपूर विभागात रेल्वेत आणि टपालात नोकरीला लागतात. निवड झाली की साक्षांकन फॉर्म भरून घेतला जातो आणि चारित्र्य पडताळणीसाठी उमेदवाराच्या मूळ जिल्ह्यातील पोलिसांकडे पाठविला जातो. अहवाल यायला महिने लागतात. तोवर मुलगा कामावर रुजू झालेला असतो. मग एके दिवशी अहवालात जुन्या गुन्ह्याची नोंद निघते. फॉर्मवर मात्र "कधी अटक, खटला किंवा शिक्षा झाली आहे काय?" या प्रश्नापुढे "नाही" लिहिलेले असते. लगेच सेवामुक्तीचा आदेश हातात पडतो.

असा यांत्रिक आदेश कायद्याला मान्य नाही. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने 2016 साली नियम घालून दिले. माहिती खरीच दिली पाहिजे, हा पहिला नियम. पण लपवलेली बाब क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ तरुणपणी घोषणा दिल्याबद्दलचा खटला, तर प्रशासन ती चूक माफ करू शकते. जे फॉर्ममध्ये स्पष्टपणे विचारलेच नाही, ते लपवले असे म्हणता येत नाही. खटल्याची उमेदवाराला माहिती होती काय, हेही पाहावे लागते. आणि कायम झालेल्या कर्मचाऱ्याला या कारणावरून काढायचे तर आधी खातेनिहाय चौकशी झालीच पाहिजे.

रेल्वे सुरक्षा दलातील एका शिपायाचे प्रकरण बोलके आहे. 2011 साली अर्ज केल्यानंतर त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला आणि त्याच वर्षी तो निर्दोष सुटला. 2014 साली फॉर्म भरताना त्याने त्याचा उल्लेख केला नाही. 2015 साली प्रशिक्षणातच त्याला घरी पाठविले. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला परत घेण्याचा आदेश दिला. ज्येष्ठता मिळाली, पण मधल्या सात वर्षांचा पगार मिळाला नाही.

मात्र या निकालावर विसंबून कोणी "नाही" लिहू नये. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलातील दोघांची अपिले त्याच न्यायालयाने फेटाळली. गणवेशाच्या सेवेत माहिती लपविण्याकडे अधिक कडक नजरेने पाहिले जाते.

म्हणून सभासदांनी मुलांना सांगावे: सुटका झाली असली तरी खटला लिहा आणि निकालाची प्रमाणित नक्कल जोडा. भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स जपून ठेवा. नोटीस आली तर पोलीस अहवालाची प्रत लेखी मागा आणि मुदतीत उत्तर द्या.

प्रशासनाकडे आमची मागणी साधी आहे. आदेश काढण्यापूर्वी कारणे दाखवा नोटीस द्यावी, गुन्ह्याचे स्वरूप, त्या वेळचे वय, खटल्याचा निकाल आणि नेमलेले काम यांचा विचार करावा, आणि तो आदेशात लिहावा. जो आदेश कारण सांगत नाही, त्याला शाखेने आव्हान दिलेच पाहिजे.